फोटोवरून गिअर-ब्रेक ओळखून अपग्रेड घेताना पार्ट दरवेळी चुकीचा का येतो

हा प्रॉब्लेम इतक्या वेळा बघितलाय की आता फोटो उघडायच्या आधीच मला माहिती असतं त्यात काय असणार. सायकल भिंतीला टेकवलेली, फोटो पाच-सहा फुटांवरून काढलेला, आणि खाली मेसेज, "यावर ९ स्पीड बसेल का आणि हायड्रॉलिक ब्रेक करायचेत, कुठले घेऊ?" मग कोणीतरी डिरेलरवरचं, म्हणजे चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणाऱ्या मागच्या भागावरचं, नाव वाचून एक पार्ट सुचवतं, तो मागवला जातो, बसत नाही, परत पाठवायची खटपट, आणि आठ दिवसांनी तोच फोटो पुन्हा.

चूक नेमकी कुठे होते ते सांगतो. डिरेलरवर जे मोठ्या अक्षरात नाव असतं ना, टूर्नी, ऑल्टस, डिओरे वगैरे, त्यावरून काय बसेल हे जवळजवळ काहीच कळत नाही. डिओरेच घ्या, त्या एकाच नावाखाली शिमानोने ९ स्पीड, म्हणजे मागे नऊ चकत्यांचं, काढलंय, १० काढलंय, ११ काढलंय आणि १२ पण काढलंय, आणि ही सगळी एकमेकांना चालत नाहीत. खरी माहिती मागच्या बाजूला कोरलेल्या कोडमध्ये असते. डिरेलरच्या आतल्या अंगाला, चाकाकडे तोंड करून, RD ने सुरू होणारा एक नंबर असतो, तो बारीक असतो आणि बहुतेक वेळा काळ्या ग्रीसखाली दडलेला असतो. RD-M590 म्हणजे ९ स्पीडचा डिओरे, RD-M6000 म्हणजे १० चा, RD-M6100 म्हणजे १२ चा. पुढून तिघांवर तेच नाव.

यात मी स्वतः पोळलोय म्हणून जरा लांबण लावतो. माझ्या सायकलला ९ स्पीडचा शिफ्टर, म्हणजे हँडलवरची गिअरची खटकी, होता, डिरेलर वाकला, मी एका फोटोवरून "डिओरेच आहे की" म्हणून १० स्पीडवाला माउंटन डिरेलर घेऊन टाकला. बसला व्यवस्थित, बोल्ट तोच, दिसायला झकास. आणि गिअर काही केल्या लागेनात. पहिले दोन लागायचे, तिसऱ्याला चेन दोन चकत्यांच्या मधे कुरकुरत राहायची, आणि शिफ्टरचे सगळे क्लिक संपले तरी चेन मोठ्या चकतीपर्यंत पोचायचीच नाही. दोन दिवस केबल ताणत बसलो.

कारण साधं गणित होतं. शिफ्टरचा एक क्लिक केबल ठरावीक मिलिमीटर ओढतो, आणि डिरेलर त्या ओढीला ठरावीक पटीत हलतो. शिमानोचा ९ स्पीड शिफ्टर एका क्लिकला साधारण २.५ मिमी ओढतो आणि जुन्या जातीचा डिरेलर त्याच्या १.७ पट हलतो, म्हणजे सव्वाचार मिमीच्या आसपास, आणि ९ स्पीडच्या दोन चकत्यांमधलं अंतरही ४.३५ च्या आसपासच असतं, म्हणून जमतं. १० स्पीडचा माउंटन डिरेलर १.२ पटच हलतो. अडीच गुणिले १.२ म्हणजे ३ मिमी. दर क्लिकला सव्वा मिमीहून जास्त कमी पडणार, तिसऱ्या क्लिकला चार मिमी मागे, म्हणजे जवळजवळ एक अख्खी चकती. केबल ताणून हे कसं भरून निघणार, सुरुवातीची जागा बदलते फक्त, पाऊल तेवढंच राहतं.

यातली चांगली गोष्ट अशी की शिमानोच्या ७, ८ आणि ९ स्पीडच्या माउंटन डिरेलरांची ही पट एकच आहे. म्हणजे डिरेलर ७ चा असला तरी ९ चा शिफ्टर त्याला हलवू शकतो, कारण किती पावलं टाकायची हे शिफ्टर ठरवतो, डिरेलर नाही. १० पासून पुढे मात्र शिफ्टर आणि डिरेलर जोडीनेच घ्यायचे, आणि दुसऱ्या कंपनीचा डिरेलर असेल तर आकड्यांचा खेळच वेगळा.

आता एक अख्खी केस सांगतो, कारण येणाऱ्या फोटोंपैकी बहुतेक याच जातीचे असतात. ऑफिसमधल्या एकाची सायकल, २९ ची चाकं, पुढे ३ मागे ७, डिस्क ब्रेक. त्याने ९ स्पीडची कॅसेट, ९ चा शिफ्टर, नवा डिरेलर आणि हायड्रॉलिक ब्रेकचा सेट असं सगळं कार्टमध्ये टाकून ठेवलेलं आणि मला विचारलं, "फक्त एकदा बघ, मग पेमेंट करतो". बरं झालं विचारलंन.

पहिला फोटो बिनकामाचा होता. चॅटवरून पाठवलेला फोटो दाबला जाऊन येतो, झूम केलं की कोरलेली अक्षरं नुसती राखाडी डाग. त्याला म्हटलं डॉक्युमेंट म्हणून पाठव, तेही डिरेलर आधी फडक्याने पुसून, आणि फ्लॅश बंद करून बाजूने टॉर्च मार. कोरीव अक्षरावर समोरून उजेड टाकला की ते दिसेनासं होतं, तिरका टाकला की सावलीने उठून येतं. आणि फोटो पुढच्या कॅमेऱ्याने काढू नको, एकदा एकाने पाठवलेल्या फोटोत चेन डावीकडे होती, मी पाच मिनिटं ही कुठली सायकल म्हणून बघत बसलो, मग कळलं आरसा झालाय.

दुसऱ्या खेपेला मागच्या चकत्यांचा बाजूने, अगदी एक्सलच्या उंचीवरून काढलेला फोटो आला. हा फोटो सगळ्यात महत्त्वाचा, कारण मागे कॅसेट आहे की फ्रीव्हील यावर पुढचं सगळं अवलंबून आहे आणि लोक नेमकं हेच बघत नाहीत. कॅसेट म्हणजे चकत्यांचा गठ्ठा हबवरच्या, म्हणजे चाकाच्या मधल्या भागावरच्या, खाचांत सरकवून वरून रिंगेने आवळलेला, फिरायची यंत्रणा हबमध्ये. फ्रीव्हील म्हणजे चकत्या आणि फिरायची यंत्रणा एकाच डब्यात, आणि तो डबा हबवर आट्यांनी पिळून बसवलेला. एकाचा माल दुसऱ्या हबवर बसत नाही, त्याला अडॅप्टर वगैरे काही नाही.

फोटोवरून ओळखायचं कसं, तर सर्वात लहान चकतीचे दाते मोजायचे. चेन आधी मोठ्या चकतीवर टाकून मग फोटो काढायचा, नाहीतर लहान चकती चेनखाली झाकलेली असते. स्क्रीनवर एका दात्यावर खूण करून तिथून गोल मोजत यायचं. १४ भरले की जवळपास नक्की फ्रीव्हील, ११ किंवा १२ भरले तर बहुधा कॅसेट, १३ आले तर घोळ, दोन्ही असू शकतं. याच्या सायकलला १४ भरले. शिवाय आणखी एक खूण होती, शेवटच्या मोठ्या चकतीच्या आधी एकदम मोठी उडी. मोजलं तर १४, १६, १८, २०, २२, २४ आणि मग थेट ३४. ही सात स्पीडच्या मेगारेंज फ्रीव्हीलची ठरलेली रचना आहे, एकदा बघितली की परत मोजावी पण लागत नाही.

तरी मी त्याच्याकडून एक दहा सेकंदांचा व्हिडिओ मागवला, कारण पैसे त्याचे जाणार होते. मागचं चाक हाताने घट्ट धरायचं आणि चकत्या उलट्या फिरवायच्या. मधे एक्सलच्या भोवती जिथे टूल घालायच्या खाचा असतात ती रिंग चकत्यांबरोबर फिरली तर कॅसेट, ती चाकाबरोबर स्थिर राहिली आणि चकत्याच फिरल्या तर फ्रीव्हील. स्थिर राहिली. झालं, त्याच्या कार्टमधली ९ स्पीड कॅसेट तिथेच बाद.

तो म्हणाला, "मग ९ स्पीडचं फ्रीव्हील घेतो, मिळतं की". मिळतं, खरंय. पण फ्रीव्हीलच्या हबमध्ये उजवीकडचं बेअरिंग डब्याच्या आत खोल असतं, आणि त्याच्यापासून फ्रेमपर्यंत एक्सलचा तुकडा लोंबकळत राहतो. चकत्या वाढवल्या की तो तुकडा आणखी लांब होतो, खड्ड्यातून जाताना तिथेच एक्सल वाकतो आणि एक दिवस तुटतो. सातला हे चालून जातं, त्याच्यावर मी कुणाला सांगत नाही. ९ पाहिजेच असतील तर मागचं चाक किंवा निदान हब बदलायचं, म्हणजे कॅसेट बॉडीवालं, फ्रेमच्या आतल्या अंगाने मोजून त्याच रुंदीचं, याच्याकडे १३५ मिमी भरलं, आणि रोटर, म्हणजे ब्रेकची गोल डिस्क, सहा बोल्टचा असेल तर हबही सहा बोल्टचंच. ८, ९ आणि १० स्पीडच्या साध्या कॅसेट एकाच जातीच्या बॉडीवर बसतात त्यामुळे तिथे पुढचा मार्ग मोकळा राहतो. फक्त ज्या कॅसेटची लहान चकती १० दात्यांची आहे तिला बॉडीच वेगळी लागते, ते फोटोत दिसलं की थांबायचं.

डिरेलर झेपेल का हेही फोटोवरूनच काढता येतं. पुढच्या चकत्या मोजल्या, ४२, ३४, २४. मोठी वजा लहान, १८. मागे ३४ वजा १४, म्हणजे २०. एकूण ३८ दात्यांची ढिली चेन डिरेलरने खेचून धरायची. ९ स्पीडला ११ ते ३४ कॅसेट घेतली तर मागचा फरक २३ होतो, एकूण ४१. या वर्गातल्या लांब पिंजऱ्याच्या डिरेलरची क्षमता साधारण ४३ असते, म्हणजे चालून जाईल, पण त्याच्या कार्टमध्ये होती ११ ते ३६. तिथे एकूण ४३, म्हणजे अगदी काठावर, आणि वर मोठ्या चकतीची मर्यादा ३४ असेल तर डिरेलरचं वरचं चाक चकतीला घासणार. आपल्या डिरेलरचे दोन्ही आकडे कोड टाकला की कंपनीच्याच स्पेसिफिकेशन पानावर दिसतात, तिथे ते बघायचे, अंदाजावर जायचं नाही.

हिशोब मांडल्यावर चाक, कॅसेट, शिफ्टर, चेन असं सगळं बदलून त्याला मिळणार होत्या दोन जादा चकत्या. चेन पण बदलावीच लागते, ६, ७, ८ ची एकच चेन चालते पण ९ ची अरुंद असते. माझं मत मी स्पष्ट सांगितलं, सात चालू दे, हब वाजायला लागलं की तेव्हा बघू, आत्ता ब्रेक कर. त्याला जरा वाईट वाटलं कारण मनाने तो कधीच ९ वर पोचला होता.

पण ब्रेकमध्येही एक गाठ होती आणि ती हँडलच्या फोटोत दिसली. वरून काढलेल्या फोटोत ब्रेकची लिव्हर आणि गिअरची खटकी एकाच क्लॅम्पवर होती, म्हणजे दोन्ही मिळून एकच पार्ट. त्याच्यावर ST-EF ने सुरू होणारा कोड असतो, ST चा अर्थच असा की शिफ्टर आणि ब्रेक लिव्हर एकत्र, SL असेल तर नुसता शिफ्टर, BL असेल तर नुसती लिव्हर. हायड्रॉलिक ब्रेकचा सेट स्वतःची लिव्हर घेऊन येतो. मग जुनी लिव्हर काढली की गिअरची खटकीही जाणार! हे लोकांना ब्रेक घरी आल्यावर कळतं, आणि मग करवतीने जुन्या शिफ्टरची लिव्हर कापलेलेही फोटो मी बघितलेत. नका करू, आतली अर्धी बॉडी उघडी पडते आणि धूळ जाते. सरळ सात स्पीडचा वेगळा शिफ्टर घ्यायचा, SL-M315 सारखा, त्यातही मागचा ७ चा आहे ना हे बघून, कारण तोच कोड ८ मध्येही येतो.

कॅलिपर, म्हणजे पॅडने रोटर आवळणारा ब्रेकचा भाग, त्याचा फोटो दोन्ही बाजूंनी मागवावा. केबलवाला आणि हायड्रॉलिक यातला फरक एका नजरेत कळतो, केबलवाल्याला बाहेर एक दांडी असते आणि तिच्यापाशी दोन बोटं उघडी तार दिसते, हायड्रॉलिकला उघडी तार कुठेच नसते, जाड नळी सरळ कॅलिपरमध्ये शिरते. याचे केबलवाले होते. जे लोक केबलवर राहून फक्त कॅलिपर बदलतात त्यांनी बघायचं की सरळ हँडलच्या लिव्हरसाठीचा कॅलिपर वेगळा आणि वाकड्या हँडलच्या रेसिंग लिव्हरसाठीचा वेगळा असतो, दिसायला तेच, ओढ वेगळी, चुकीची जोडी लागली की एकतर लिव्हर हँडलला टेकेपर्यंत येते किंवा दगडासारखी घट्ट होऊन ब्रेकच लागत नाही.

मग माउंट, म्हणजे कॅलिपर फ्रेमला किंवा फोर्कला बसवायची पद्धत. इथे बोल्टचं तोंड कुठे आहे तेवढंच बघायचं. कॅलिपरचे दोन बोल्ट चाकाच्या दिशेत, म्हणजे फोर्कला किंवा फ्रेमला सरळ आत घुसत असतील तर पोस्ट माउंट, त्या दोन बोल्टांमधलं अंतर ७४ मिमी असतं. फ्रेमच्या कानातून आडवे, एक्सलला समांतर जात असतील तर आयएस. गोंधळ होतो तो मागच्या चाकाला, कारण तिथे बऱ्याचदा आयएस फ्रेमवर अडॅप्टर आणि त्याच्यावर पोस्टचा कॅलिपर असतो, चार बोल्ट दिसतात, दोन आडवे दोन सरळ. त्याच्या मागे असंच होतं, पुढे थेट पोस्ट. म्हणजे नवा पोस्ट माउंट कॅलिपर दोन्हीकडे जुन्याच जागी बसणार, रोटरचं माप बदललं नाही तर तोच अडॅप्टर. चारही बोल्ट एकाच दिशेत दिसले तर मात्र तो पोस्टवर मोठ्या रोटरसाठी लावलेला अडॅप्टर असतो.

रोटरचं माप बहुतेक वेळा त्याच्यावर छापलेलं असतं पण घासून गेलं असेल तर फोटोवरून काढता येतं. चाकाचा अगदी बाजूने फोटो घ्यायचा, लॅपटॉपवर उघडून पट्टी लावायची. २९ च्या रिमचा व्यास ६२२ मिमी धरतात. माझ्या स्क्रीनवर रिम २४.२ सेंटिमीटर भरली आणि रोटर ६.२. भागाकार ०.२५६, गुणिले ६२२, उत्तर १५९. म्हणजे १६०. रिमची कड ६२२ पेक्षा थोडी बाहेर असते त्यामुळे दोन-चार मिमी इकडेतिकडे होतं, पण १६० आणि १८० मध्ये गल्लत होत नाही. फोटो तिरका असेल तर दोन्ही गोल लंबगोल दिसतात, मग ते ज्या दिशेने सर्वात लांब दिसतात त्या दिशेनेच दोन्ही मोजा.

त्याच रोटरवर झूम केल्यावर आणखी एक ओळ वाचता आली, RESIN PAD ONLY. ही ओळ लोक डिझाइन समजून सोडून देतात. अर्थ असा की या पोलादावर फक्त रेझिनचे पॅड चालतात, मेटलचे पॅड लावले तर रोटर भराभर खाल्ला जातो. त्याने ब्रेकच्या जोडीला मेटल पॅडचे दोन सेट घेऊन ठेवलेले, "जास्त टिकतात म्हणे". ते काढायला लावले. रोटर जुनाच ठेवायचा तर त्याची जाडी पण मोजून घ्या, शिमानोचा नवा साधारण १.८ मिमी असतो आणि १.५ ला बाद समजतात, हे फोटोत नाही दिसत, कॅलिपर लागतो, मोजायचा कॅलिपर म्हणतोय, नावांचा हा घोळ आहेच.

शेवटचा फोटो मी मागितला तो वरच्या नळीचा, तेव्हा तो वैतागला, "आता हे कशाला". त्याच्या फ्रेमवर मागच्या ब्रेकची तार मधल्या भागात उघडीच जात होती, दोन टोकांना छोटे स्टॉप. हायड्रॉलिकची नळी त्या स्टॉपच्या भोकातून जात नाही, तिथे क्लिप किंवा झिप टाय लागतात, आणि ते आधीच आणून ठेवले नाहीत तर ब्रेक बसवून नळी लोंबकळत ठेवायची वेळ येते. तार फ्रेमच्या आतून जात असती तर काम आणखी वाढलं असतं, भरून आलेली नळी सोडवायची, आतून ओवायची, टोकाला जोड आवळणारी नवी ऑलिव्ह आणि पिन टाकायची आणि परत ब्लीड करायचं, म्हणजे नळीतली हवा काढायची, आणि त्यात तेल कंपनी सांगेल तेच, मिनरल ऑइलवाल्यात डॉट फ्लुइड गेलं की आतली रबरं फुगून ब्रेक कामातून गेला.

तर त्याने शेवटी मागवलं ते इतकंच, दोन्ही ब्रेकचा भरून आलेला सेट, ३ आणि ७ चे वेगळे शिफ्टर, दोन गिअर केबल आणि सहा झिप टाय. बसवताना एकच गोष्ट उलटी निघाली. सेटमध्ये पुढच्या ब्रेकची लिव्हर उजवी होती आणि त्याला सवय डावीकडे पुढच्या ब्रेकची, नळ्यांची लांबी पुढच्या-मागच्याला वेगळी, त्यामुळे लिव्हर नुसत्या अदलाबदल करून चालेना. हे तर त्याच्या हँडलच्या पहिल्या फोटोतच दिसत होतं, कुठली केबल कुठे जाते ते, आणि मी बघितलंच नव्हतं.